नफा २० टक्के, सूटही २० टक्के. मग रक्कम वेगळी का? टक्के नेमके कोणत्या किमतीवर काढायचे?

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर असं गणित फिरताना तुम्ही पाहिलं असेल: एका दुकानदाराने एक बॅग ८०० रुपयांना विकत घेतली. छापील किमतीवर २० टक्के सूट देऊनही त्याला २० टक्के नफा झाला. तर बॅगेची छापील किंमत किती?

खाली कमेंटमध्ये दोन उत्तरं हमखास दिसतात, ११२० आणि ११५२. दोन्ही चूक आहेत. आकडेमोड दोघांचीही बरोबर असते, पण टक्के भलत्याच किमतीवर काढलेले असतात.

तीन किमती, दोन नियम

अशा गणितात तीन किमती असतात. दुकानदाराला वस्तू ज्या किमतीला पडली ती खरेदी किंमत. लेबलवर लिहिलेली ती छापील किंमत. आणि गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष मोजलेले पैसे म्हणजे विक्री किंमत. शेकडा नफा आणि शेकडा तोटा खरेदी किमतीवर काढतात. सूट छापील किमतीवर काढतात. विक्री किंमत या दोघांच्या मधे असते, पण गणितात वेगळं सांगितल्याशिवाय तिच्यावर टक्के काढायचे नसतात.

यामागचं कारण साधं आहे. दुकानदाराने गुंतवले ८०० रुपये, म्हणून कमाई त्या ८०० च्या तुलनेत मोजायची. गिऱ्हाइकाला मात्र हे ८०० माहीतच नसतात. त्याला लेबल दिसतं, त्यामुळे सूट लेबलवरूनच मोजली जाते.

आता बॅगेचं गणित

नफ्यापासून सुरुवात करू, कारण खरेदी किंमत आपल्याला माहीत आहे. ८०० चे २० टक्के म्हणजे १६०. म्हणून विक्री किंमत ९६० रुपये.

आता सूट. ती छापील किमतीवर आहे आणि छापील किंमतच शोधायची आहे. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. छापील किंमत १०० धरली, तर २० टक्के सूट जाऊन ८० उरतात. म्हणजे हे ९६० रुपये छापील किमतीचे ८० टक्के आहेत. ९६० ला ८० ने भागून १०० ने गुणा. उत्तर १२०० रुपये.

पडताळून पाहा. १२०० चे २० टक्के २४०. ते वजा केले की ९६० उरतात. खरेदी ८०० ची, नफा १६०, म्हणजे बरोबर २० टक्के. टक्के तेच, पण नफा १६० रुपयांचा आणि सूट २४० रुपयांची.

११५२ वाल्यांनी ९६० मध्ये ९६० चेच २० टक्के मिळवले, म्हणजे सूट विक्री किमतीवर काढली. ११२० वाल्यांनी नफा आणि सूट यांची बेरीज करून ८०० वर थेट ४० टक्के चढवले. त्या लेबलवर २० टक्के सूट दिली तर बॅग ८९६ ला जाईल आणि नफा फक्त १२ टक्के होईल. आपलं उत्तर असं उलटं फिरवून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. परीक्षेत पर्याय समोर असतात तेव्हा तर हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग.

दोन वस्तू, एकच विक्री किंमत

हे जरा फसवं गणित आहे. दोन घड्याळं प्रत्येकी ९६० रुपयांना विकली. एकावर २० टक्के नफा, दुसऱ्यावर २० टक्के तोटा. ‘ना नफा, ना तोटा’ असं वाटतं ना?

पण दोघांची खरेदी किंमत वेगळी आहे. नफा झालेल्या घड्याळाचे ९६० म्हणजे खरेदीच्या १२० टक्के, म्हणून खरेदी ८००. तोटा झालेल्याचे ९६० म्हणजे खरेदीच्या ८० टक्के, म्हणून खरेदी १२००. एकूण खर्च २०००, हाती आले १९२०. तोटा ८० रुपये, म्हणजे ४ टक्के. मोठ्या रकमेचे २० टक्के बुडाले आणि छोट्या रकमेचे २० टक्के मिळाले, एवढंच झालं.

दुकानदार वेगळं बोलतो तेव्हा

बाजारात ‘मार्जिन’ हा शब्द येतो, तेव्हा टक्के बहुतेकदा विक्री किमतीवर मोजलेले असतात. ८०० ची बॅग ९६० ला विकली, तर पुस्तकातला नफा २० टक्के, पण मार्जिन सुमारे १६.६७ टक्के. कारण तेच १६० रुपये आता ९६० च्या तुलनेत मोजले. परीक्षेतही कधी कधी ‘विक्री किमतीवर २० टक्के नफा’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे नेहमीचा नियम बाजूला ठेवायचा आणि विक्री किंमत १०० धरायची. मग नफा २० आणि खरेदी ८०, म्हणजे खरेदीवर तोच नफा २५ टक्के होतो.

आणि सेलमधलं ‘५० टक्के + २० टक्के सूट’? दुसरी सूट लेबलवर नसते, पहिल्या सुटीनंतर उरलेल्या रकमेवर असते. २००० चा ड्रेस आधी १००० ला येतो, मग त्या १००० चे २० टक्के जाऊन ८०० ला. एकूण सूट ७० नाही, ६० टक्के.