पीपीएफचं व्याज ५ तारखेवर कसं ठरतं? पासबुक घेऊन घरीच असा करा हिशोब

परभणी : सोयाबीनची पट्टी हातात पडली, पैसे खात्यात आले आणि त्यातले पन्नास हजार पीपीएफमध्ये टाकले. महिन्याच्या ४ तारखेला टाकले काय आणि ६ तारखेला टाकले काय, दोन दिवसांनी असा काय फरक पडणार, असं बहुतेकांना वाटतं. पीपीएफमध्ये मात्र या दोन दिवसांनी अख्ख्या महिन्याचं व्याज जातं. पन्नास हजारांवर ही रक्कम जवळपास २९६ रुपये होते. वर्षाच्या शेवटी व्याज कमी आलं म्हणून खातेदार बँकेत किंवा पोस्टात विचारायला जातो, तेव्हा बऱ्याच वेळा कारण हेच निघतं.

नियम काय आहे

पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. सध्या ही खाती २०१९ च्या योजनेप्रमाणे चालतात. व्याजाचा नियम असा : प्रत्येक महिन्यात ५ तारखेचं कामकाज संपल्यापासून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळतं.

म्हणजे १ ते ५ तारखेच्या आत जमा झालेले पैसे त्या महिन्याच्या हिशोबात येतात. ६ तारखेला किंवा नंतर जमा झालेल्या पैशाचा हिशोब पुढच्या महिन्यापासून धरला जातो. ६ तारखेला भरा नाहीतर ३० तारखेला भरा, त्या महिन्यापुरतं दोन्ही सारखंच.

व्याज मोजलं जातं महिन्याला, पण खात्यात जमा होतं वर्षातून एकदाच, ३१ मार्चला. तोपर्यंत व्याजावर व्याज धरलं जात नाही. १ एप्रिल २०२० पासून दर सालाना ७.१ टक्के चालत आला आहे. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं, त्यामुळे हिशोब करण्याआधी चालू दर पाहून घ्यावा.

गोंधळ होण्याचं कारण बँकेचं साधं बचत खातं आहे. तिथे १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात, म्हणून ६ तारखेला टाकलेले पैसे ६ तारखेपासूनच कमावतात. त्याआधी बचत खात्यातही १० तारखेनंतरची कमीत कमी शिल्लक धरत असत. जुन्या माणसांना ती १० तारीख आठवत असेल. पोस्टाच्या बचत खात्यात अजूनही १० तारखेचाच नियम आहे. पीपीएफमध्ये ५ तारीख, आणि मुलींच्या सुकन्या समृद्धी खात्यातही ५ तारीखच.

एक उदाहरण, महिन्या-महिन्याने

सेलू तालुक्यातला एक शेतकरी धरू. १ एप्रिल २०२५ ला त्याच्या पीपीएफ खात्यात १ लाख २० हजार रुपये होते. आधीच्या वर्षाचं व्याज यात आलेलं आहे. पुढे वर्षभरात त्याने तीन वेळा पैसे भरले.

हरभरा विकून ५ मे २०२५ ला २० हजार.
सोयाबीन विकून ६ नोव्हेंबर २०२५ ला ५० हजार.
कापूस विकून ३ जानेवारी २०२६ ला ४० हजार.

आता प्रत्येक महिन्याची कमीत कमी शिल्लक काढू.

एप्रिल : १,२०,०००.
मे ते ऑक्टोबर, सहा महिने : दर महिन्याला १,४०,०००. सहा महिन्यांचे मिळून ८,४०,०००.
नोव्हेंबर : १,४०,०००.
डिसेंबर : १,९०,०००.
जानेवारी ते मार्च, तीन महिने : दर महिन्याला २,३०,०००. तिन्हींचे मिळून ६,९०,०००.

मे महिन्यात पैसे नेमके ५ तारखेला पडले. दिवस संपताना शिल्लक १ लाख ४० हजार होती, म्हणून मे महिना धरला गेला. नोव्हेंबरमध्ये मात्र ५ तारखेचा दिवस संपताना खात्यात १ लाख ४० हजारच होते. पन्नास हजार दुसऱ्या दिवशी आले. नोव्हेंबरचे उरलेले पंचवीस दिवस ते पैसे खात्यात होते, तरी महिन्याची कमीत कमी शिल्लक १ लाख ४० हजारच राहिली.

बारा महिन्यांची बेरीज १९,८०,००० होते. या बेरजेला ७.१ ने गुणायचं आणि १२०० ने भागायचं. १२०० कुठून आले? टक्क्याचे शंभर आणि वर्षाचे बारा महिने, शंभर गुणिले बारा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर असं टाका :

```
1980000 × 7.1 ÷ 1200 = 11715
```

या शेतकऱ्याला ३१ मार्च २०२६ ला ११,७१५ रुपये व्याज मिळायला पाहिजे. सोयाबीनचे पन्नास हजार ५ नोव्हेंबरच्या आत पडले असते, तर बेरीज २०,३०,००० झाली असती आणि व्याज १२,०१० रुपये ८३ पैसे. फरक २९५ रुपये ८३ पैशांचा.

सुट्टीचा आणि चेकचा घोळ

या उदाहरणात ६ नोव्हेंबर मुद्दाम घेतली आहे. २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंती होती आणि बँका बंद होत्या. आडतीचे पैसे ४ तारखेला संध्याकाळी खात्यात आले असतील, तर काउंटरवर जाऊन भरायला थेट ६ तारीखच उजाडणार. सुट्टी आली म्हणून नियमातली ५ तारीख पुढे सरकत नाही.

एप्रिलमध्ये तर हे हमखास होतं. १ एप्रिलला बँकांचं वार्षिक हिशोबाचं काम असतं, त्या दिवशी लोकांसाठी व्यवहार नसतात. २०२६ च्या एप्रिलमध्ये ३ तारखेला गुड फ्रायडे आणि ५ तारखेला रविवार आहे. म्हणजे बँकेच्या काउंटरसाठी २ आणि ४ तारीख, एवढे दोनच दिवस राहतात. मोबाईल बँकिंगने भरणाऱ्याला सुट्टीची अडचण कमी, पण त्यानेही ५ तारखेच्या रात्रीपर्यंत थांबू नये. रेंज गेली किंवा व्यवहार अडकला तर महिना गेला.

चेकची गोष्ट वेगळी. चेक दिला ती तारीख धरत नाहीत, चेक वटून पैसे जमा झाले ती तारीख धरतात. ३ तारखेला चेक दिला आणि तो ६ तारखेला वटला, तर त्या महिन्याचं व्याज नाही. चेकने भरायचं असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच द्यावा. गावच्या पोस्टात किंवा कोणाच्या हाती पैसे दिले असतील, तर पासबुकवर कोणती तारीख पडली ते लगेच पाहावं. हिशोब त्या तारखेवर होतो, पैसे हातातून गेले त्या तारखेवर नाही.

पैसे काढतानाही हाच नियम

भरण्याच्या वेळची ५ तारीख बऱ्याच जणांना माहीत असते. काढतानाचा फटका मात्र लक्षात येत नाही. खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपून पुढे पाच वर्षं झाली की ठराविक मर्यादेत पैसे काढता येतात. वरच्याच शेतकऱ्याचं खातं तेवढं जुनं आहे आणि त्याने २८ जानेवारीला ६० हजार काढले असं समजा. जानेवारीची कमीत कमी शिल्लक २ लाख ३० हजारांवरून १ लाख ७० हजारांवर येते. ते साठ हजार २७ दिवस खात्यात होते, तरी त्यांच्यावर जानेवारीचं व्याज मिळत नाही. नुकसान ३५५ रुपयांचं.

तेच पैसे २ फेब्रुवारीला काढले असते, तर जानेवारी पूर्ण धरला गेला असता. म्हणून निकड नसेल तर पैसे महिन्याच्या शेवटी काढू नयेत, पुढच्या महिन्याची १ तारीख उलटू द्यावी. भरायचे ते ५ च्या आत आणि काढायचे ते १ तारखेनंतर, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

धावपळ किती करायची?

७.१ टक्के दराने एक महिना हुकला तर हजारी ५ रुपये ९२ पैसे जातात. दहा हजारांवर साधारण ५९ रुपये. वर्षाची कमाल मर्यादा दीड लाख आहे. ती पूर्ण रक्कम ५ एप्रिलच्या आत भरली तर तिच्यावर वर्षाचे १०,६५० रुपये मिळतात, ६ एप्रिलला भरली तर ९,७६२ रुपये ५० पैसे. एका दिवसाने ८८७ रुपये ५० पैसे कमी.

पण उलटी बाजूही पाहावी. ५ तारीख साधायची म्हणून कोणाकडून शेकडा दोन रुपये महिन्याने पैसे उचलले, तर हजारी २० रुपये व्याज द्यावं लागेल आणि मिळतील सहासुद्धा नाहीत. माल भाव नसताना घाईने विकून ५ तारीख गाठणंही तसंच. पन्नास हजारांच्या मालात क्विंटलमागे थोडा भाव तुटला तरी २९६ रुपये तिथेच जातात. पैसे हातात असतील तरच तारीख साधावी. नसतील तर ६ तारखेनंतर घाई करण्यात त्या महिन्यापुरता काही फायदा नाही. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तरी व्याज तेवढंच येतं. मार्च मात्र याला अपवाद आहे. खातं चालू राहण्यासाठी वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, ते ३१ मार्चच्या आतच पडले पाहिजेत.

पासबुक कसं तपासायचं

एका कागदावर एप्रिल ते मार्च असे बारा महिने एकाखाली एक लिहा. प्रत्येक महिन्यापुढे ५ तारखेच्या शेवटी असलेली शिल्लक लिहा. त्यानंतर त्या महिन्यात पैसे काढले असतील तर काढल्यानंतरचा सगळ्यात कमी आकडा लिहा. बेरीज करा, दराने गुणा, १२०० ने भागा. वर्षात मध्येच दर बदलला असेल तर जुन्या आणि नव्या दराच्या महिन्यांची बेरीज वेगवेगळी करून दोन्ही व्याजं मिळवा. नवीन खातं असेल आणि ते ५ तारखेनंतर उघडलं असेल, तर पहिल्या महिन्यापुढे शून्य लिहायचं.

आलेला आकडा पासबुकातल्या ३१ मार्चच्या व्याजाशी जुळवा. पैशांत थोडाफार फरक असला तर तो सोडून द्या. फरक मोठा असेल तर आधी त्याला १२०० ने गुणून दराने भागा. वरच्या उदाहरणात फरक २९५ रुपये ८३ पैसे आहे, हिशोब केला की पन्नास हजार येतात. म्हणजे पन्नास हजारांचा एक भरणा एका महिन्यात धरला गेलेला नाही, हे लगेच कळतं. त्या भरण्याची पासबुकातली तारीख ५ किंवा आतली असेल, तर पावती आणि हा कागद घेऊन शाखेत दाखवा. तारीख ६ किंवा पुढची असेल, तर व्याज बरोबर आहे.