व्ही आणि बरोबरची खूण

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत मला दोन आलेख काढायला सांगितले होते. पहिला हायड्रोक्लोरिक आम्लात कॉस्टिक सोडा टाकत गेल्यावर विद्युतवाहकता कशी बदलते त्याचा आणि दुसरा असेटिक आम्लासाठी. पाठांतर चोख होतं, पण ऐन वेळी घोळ झाला आणि मी दोन्हीकडे झकास इंग्रजी व्ही काढून मोकळा झालो. सरांनी दुसऱ्या व्हीच्या डाव्या टोकावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "इथे एवढी वीज कोण वाहून नेतंय?" मी गप्प. मार्क गेले ते गेलेच, पण प्रश्न डोक्यात राहिला. मागच्या शनिवार-रविवारी जुनी पुस्तकं घेऊन बसलो तेव्हा कळलं की हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्यांना पडला होता.

सुरुवात मोजण्यापासून करू. द्रावणाची वाहकता मोजायची तर दोन पत्रे बुडवून वीज सोडायची, इतकं सोपं वाटतं. पण बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज सोडली की पत्र्यांवर वायू जमतो, द्रावणाचं विघटन होतं आणि आकडा सरकत राहतो. जर्मनीतल्या फ्रीडरिश कोलराउशने यावर उपाय काढला तो उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा. एका दिशेने जे जमेल ते लगेच दुसऱ्या दिशेने पुसलं जातं. १८८० च्या सुमारास त्याने व्हीटस्टन ब्रिजला चक्क टेलिफोनचा रिसीव्हर जोडला. ब्रिज संतुलित झाला की कानातला आवाज कमीत कमी होतो, तेच रीडिंग!

या मोजमापांतून त्याला एक सुंदर गोष्ट दिसली. पुरेशा पातळ द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलतो, जोडीदार कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. २५ अंश सेल्सिअसला नेहमीच्या एककात हे वाटे साधारण असे: हायड्रोजन ३५०, हायड्रॉक्साइड १९८, क्लोराइड ७६, सोडियम ५०, असेटेट ४१. हायड्रोजन इतका पुढे का? कारण तो पाण्यातून स्वतः पोहत जात नाही. एक प्रोटॉन शेजारच्या पाण्याच्या रेणूला दिला जातो, तो रेणू आपला प्रोटॉन पुढच्याला देतो, विहिरीवर रांगेत उभं राहून बादल्या पुढे सरकवाव्यात तसं. अशा साखळीची मूळ कल्पना ग्रोटहुसने १८०६ मध्येच मांडली होती.

आता हे पाच आकडे घेऊन पहिला आलेख काढू. बीकरमध्ये ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर कॉस्टिक सोडा. म्हणजे बरोबर १० मिलीला आम्ल संपणार. सुरुवातीला सगळं आम्ल फुटलेलं असतं, म्हणून वाहकता ३५० आणि ७६ मिळून ४.२६ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. सोडा पडू लागला की त्याचा हायड्रॉक्साइड हायड्रोजनला गाठून पाणी करतो आणि हायड्रोजनच्या जागी सोडियम येतो. ३५० वाला गडी गेला, ५० वाला आला. रेघ सरळ खाली उतरते आणि १० मिलीला १.२६ वर येते. तिथून पुढे पडणाऱ्या सोड्याला गाठायला कुणी उरलेलं नसतं, त्यामुळे सोडियम आणि हायड्रॉक्साइड दोघे भर घालतात आणि १५ मिलीला २.५० होतात. हा झाला व्ही. डावी बाजू उजवीपेक्षा थोडी जास्त उभी असते.

दुसऱ्या बीकरमध्ये तेवढंच असेटिक आम्ल घेऊ. सोडा इथेही १० मिलीच लागणार, कारण आम्ल तेवढंच आहे. पण सुरुवातीची वाहकता भरते फक्त ०.१६! जवळजवळ २७ पट कमी.

हा फरक समजायला आरेनियसपर्यंत यावं लागतं. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात त्याने प्रबंध सादर केला. पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचा काही भागच वीज वाहायला तयार असतो आणि आम्लाची ताकद त्या भागावर ठरते, असं त्यात होतं. पुढच्या काही वर्षांत त्याने स्पष्टच सांगितलं की तो भाग म्हणजे सुटे झालेले आयन. परीक्षकांना काही पटलं नाही, प्रबंध जेमतेम श्रेणीत पास झाला. ओस्टवाल्डला मात्र त्यातलं मोल कळलं. त्याने अनेक आम्लांची वाहकता मोजली आणि १८८८ मध्ये फुटलेल्या भागाचं गणित मांडलं. त्या गणिताने आपल्या बीकरमधल्या असेटिक आम्लाचे १०० पैकी फक्त ४ रेणू फुटलेले निघतात. सरांच्या पेन्सिलचं उत्तर हे होतं: वीज वाहून न्यायला तिथे फारसं कुणी नव्हतंच.

पुढे रेघ आणखी गंमत करते. पहिल्या अर्ध्या मिलीत वाहकता ०.१६ वरून ०.१३ वर घसरते. तयार झालेला असेटेट उरलेल्या आम्लाला फुटू देत नाही, त्यामुळे होते नव्हते ते हायड्रोजनही कमी होतात. मग मात्र चढण लागते, कारण न फुटलेल्या रेणूंच्या जागी सोडियम आणि असेटेट ही वीज वाहणारी जोडी येते. ५ मिलीला ०.४६, १० मिलीला ०.९१. त्यानंतर हायड्रॉक्साइड सुटा राहू लागला की तीच चढण पावणेतीन पट उभी होते आणि १५ मिलीला २.१५. म्हणजे आकार होतो पहिली रेघ जवळपास आडवी असलेल्या बरोबरच्या खुणेसारखा, आणि डाव्या टोकाला एक छोटा खळगा.

या वळणावरून आम्ल कुठे संपलं ते शोधायची पद्धत क्यूस्टर आणि ग्र्यूटर्स यांनी १९०३ मध्ये मांडली. योगायोग असा की त्याच वर्षी आरेनियसला नोबेल मिळालं. जेमतेम पास झालेल्या प्रबंधाचं चीज झालं म्हणायचं.

प्रत्यक्ष करताना दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे सोड्याबरोबर पाणीही पडतं आणि द्रावण पातळ होतं. वरचे आकडे ते वगळून काढलेत. व्ही मिली टाकल्यावरचं रीडिंग (१००+व्ही)/१०० ने गुणायचं, नाहीतर सरळ रेघा वाकतात. १० मिलीला मीटर १.२६ नाही, सुमारे १.१५ दाखवतो. दुसरं, वळणाचा कोपरा कधीच टोकदार येत नाही, असेटिकचा तर थोडा गोलच असतो. म्हणून कोपऱ्याजवळच्या बिंदूंवर विसंबायचं नाही. दोन्ही बाजूंचे लांबचे चार-पाच बिंदू घ्यायचे, पट्टीने रेघा वाढवायच्या आणि त्या छेदतात तिथे उत्तर वाचायचं. असेटिकच्या सुरुवातीच्या खळग्यातले बिंदू मात्र डाव्या रेघेत धरायचे नाहीत.

असो. आता कुणी हे आलेख काढायला सांगितले तर मी आकार आठवत बसत नाही. बीकरमध्ये या क्षणी कोण गेलं आणि त्याच्या जागी कोण आलं, एवढंच विचारतो. रेघ आपोआप निघते.