‘युअर्स फेथफुली’चं घराणं

इंग्रजी पत्रलेखनाचा एक नियम आपल्याकडे शाळेतच घोटून घेतला जातो. ‘डिअर सर’ने सुरुवात केली तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, आणि ‘डिअर मिस्टर अमुक’ असं नाव घातलं तर ‘युअर्स सिन्सिअरली’. इंग्लंडात यासाठी एक सोपी खूण सांगतात: दोन ‘एस’ एका पत्रात नांदत नाहीत, म्हणजे ‘सर’ असेल तिथे ‘सिन्सिअरली’ नको. खूण बरी आहे, पण पत्र ‘डिअर सर जॉन’ला जाणार असेल तर ती फसते. तिथला ‘सर’ हा किताब आहे, पुढे नाव आहे, म्हणून शेवट ‘सिन्सिअरली’च. नाव घेतलं की नाही, एवढंच पाहायचं.

आज दोनच पायऱ्या उरल्या असल्या तरी हा जिना एके काळी बराच उंच होता. 1568 साली विल्यम फुलवुड याने ‘द एनिमी ऑफ आयडलनेस’ नावाचं पत्रलेखनाचं पुस्तक इंग्रजीत काढलं. त्यात पत्राखाली काय लिहायचं हे तर आहेच, पण ते कागदावर कुठे लिहायचं हेही आहे. वडीलधाऱ्याला किंवा वरिष्ठाला लिहिताना ‘आपला अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक पुत्र’ किंवा ‘सेवक’ अशा थाटाचा शेवट कागदाच्या अगदी तळाशी, उजव्या बाजूला. बरोबरीच्या माणसाला ‘आपला विश्वासू मित्र’, तेही कागदाच्या मध्यावर. हाताखालच्याला नुसतं ‘आपला’, वरच्या अंगाला आणि डावीकडे. कागद तेव्हा महाग होता. मजकूर संपल्यावर सहीपर्यंत जितका कोरा कागद सोडला तितका समोरच्याचा मान राखला, असा हा हिशेब. सहीची जागा पाहून पत्र न वाचताच कोण कोणाला लिहितोय ते ओळखता यावं.

अठराव्या शतकापर्यंत ‘युअर मोस्ट ओबीडियंट हंबल सर्व्हंट’ हा शेवट सभ्य माणसाच्या अंगवळणी पडला होता. क्वेकर पंथाच्या लोकांना ही खुशामत वाटे. आपण कोणाचे नोकर नाही, मग तसं लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, असं म्हणून ते ‘तुझा मित्र’ एवढ्यावर थांबत. बाकीच्यांना त्यात खोटं काही वाटत नव्हतं. 1804 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेक्झांडर हॅमिल्टन आणि आरन बर यांच्यात द्वंद्वयुद्धापर्यंत गेलेला पत्रव्यवहार झाला. एकमेकांना आव्हान देणारी ती पत्रंही ‘आपला आज्ञाधारक सेवक’ म्हणूनच संपतात. त्या वर्षीच्या जुलैत बरच्या गोळीने हॅमिल्टन गेला.

हा शेवट त्या काळी सुटा नसायचा, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. तो पत्रातल्या शेवटच्या वाक्याचाच भाग असे. ‘आपल्या उत्तराची वाट पाहत, मी आहे, महाशय, आपला आज्ञाधारक सेवक’ असं वाक्य वाहत खाली यायचं, त्याचे तुकडे पायरीपायरीने उजवीकडे सरकायचे आणि शेवटच्या पायरीवर सही. मधला ‘महाशय’ म्हणजे पत्राच्या माथ्यावरचंच संबोधन. वर ‘सर’ असेल तर खाली ‘सर’, वर ‘माय लॉर्ड’ असेल तर खाली ‘माय लॉर्ड’. मायना आणि शेवट जुळवायची सक्ती आली ती इथून.

या रचनेचा सर्वांत धारदार वापर सॅम्युएल जॉन्सनने केला. 1747 मध्ये त्याने आपल्या इंग्रजी शब्दकोशाचा आराखडा लॉर्ड चेस्टरफिल्डला उद्देशून छापला होता. आश्रय काही मिळाला नाही. कोश बाहेर पडायच्या सुमारास मात्र चेस्टरफिल्डने नियतकालिकात त्याची तारीफ करणारे लेख लिहिले. तेव्हा 7 फेब्रुवारी 1755 रोजी जॉन्सनने त्याला पत्र पाठवलं. मजकूर प्रसिद्धच आहे: बुडताना काठावरून पाहत बसायचं आणि माणूस पोहून आला की मदतीचा हात पुढे करायचा, हाच का आश्रयदाता, असा त्याचा रोख. पण खरी चपराक शेवटच्या ओळीत आहे. आशेच्या ज्या स्वप्नात मी एकेकाळी मोठ्या अभिमानाने स्वतःला म्हणवून घेत असे, त्या स्वप्नातून मी केव्हाच जागा झालो आहे, असं तो सांगतो. स्वतःला काय म्हणवून घेत असे? त्याचं उत्तर म्हणजे खालचा रिवाजाचा शेवट: ‘माय लॉर्ड, आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक.’ शिष्टाचाराचा एक शब्द न गाळता जॉन्सनने आपलं सेवकपण भूतकाळात टाकून दिलं. चेस्टरफिल्डही पक्का दरबारी. म्हणतात की त्याने ते पत्र टेबलावर उघडं ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

पुढे पत्रं वाढली, व्यापाराची घाई वाढली आणि हे लांबलचक वाक्य आतून झिजत गेलं. ‘मी आहे’ गेलं, मधला ‘महाशय’ गेला, ‘सेवक’ गेला. राहिलं ते ‘युअर्स’ आणि त्याला टेकू म्हणून एक क्रियाविशेषण. 1926 साली एच. डब्ल्यू. फाउलरच्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ मध्ये जिन्याच्या बऱ्याच पायऱ्या अजून शाबूत दिसतात. ‘ओबीडियंट सर्व्हंट’ सरकारी अधिकाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना, ‘फेथफुली’ कामानिमित्त अनोळखी माणसाला, ‘ट्रूली’ जुजबी ओळखीच्याला, ‘सिन्सिअरली’ मैत्रीच्या पण फार जवळिकीच्या नसलेल्या पत्राला. पुढे मधली ‘ट्रूली’ ब्रिटनमध्ये मागे पडली आणि दोन टोकं तेवढी राहिली. अमेरिकेत उलट झालं. तिथे ‘ट्रूली’ टिकली, ‘सिन्सिअरली’ने बाकीचं मैदान मारलं आणि ‘फेथफुली’ जवळजवळ बाद झाली. अमेरिकी माणूस ‘डिअर सर’ खालीही खुशाल ‘सिन्सिअरली’ लिहितो. तो चुकत नाही, त्याचा जिना वेगळा.

भारतात इंग्रजी राजवटीतली सरकारी पत्रं ‘आय हॅव द ऑनर टू बी, सर’ अशीच संपत. तो थाट गेला, पण ब्रिटिश जोडी केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीत पक्की बसली. रीतसर शासकीय पत्र ‘सर’ किंवा ‘मॅडम’ने सुरू होतं आणि ‘युअर्स फेथफुली’ने संपतं, ते पदाला असतं. अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावाने लिहिलेलं अर्धशासकीय पत्र, म्हणजे बोलीतलं ‘डीओ’, हे ‘डिअर श्री अमुक’ ते ‘युअर्स सिन्सिअरली’. मजकूर टाइप केलेला असला तरी हे दोन तुकडे अधिकारी पुष्कळदा स्वतःच्या हाताने, शाईने लिहितो. पत्र त्याने स्वतः पाहिलंय, याची ती निशाणी. आपला शाळकरी ‘आपला विश्वासू’ही ‘फेथफुली’च्याच पोटचा. त्याआधी मराठी पत्रात ‘लोभ असावा, ही विनंती’ असं धडधाकट क्रियापदाचं वाक्यच असे.

जुन्या वाक्याचा एक तुटका अवयव मात्र आपल्या अर्जांत अजून लोंबकळतोय. ‘थँकिंग यू,’ असं स्वल्पविराम देऊन आपण लिहितो आणि खाली ‘युअर्स फेथफुली’. मूळचं वाक्य ‘आपले आभार मानत, मी आहे, आपला विश्वासू’ असं होतं. मधलं ‘मी आहे’ गळालं आणि दोन्हीकडची टोकं अधांतरी राहिली. दुसरी खोड ‘युअर्स’मध्ये ‘एस’च्या आधी स्वल्पविरामासारखी खूण वर टांगण्याची. अठराव्या शतकात ती चालून जाई, जेन ऑस्टेनच्या पत्रांतही सापडते. आज ती चूकच धरली जाते.

तेव्हा अर्ज लिहाल तेव्हा ‘थँकिंग यू’ काढून टाका. आभार मानायचेच असतील तर ‘आय थँक यू’ असं पूर्ण वाक्य लिहा, पूर्णविराम द्या, आणि वर नाव घातलंय की नाही ते पाहून खालचा शब्द निवडा.