निवडक उत्प्रेरकी क्षपण (डिझेल बस)

डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांचे अमोनियाच्या साहाय्याने नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करण्याची पद्धत. अमोनिया वाहनात बाळगणे धोक्याचे, म्हणून ३२.५ टक्के युरियाचे द्रावण (ब्रिटनमध्ये ‘ॲडब्लू’) वेगळ्या टाकीत भरतात. ते गरम धुरात फवारले की युरियापासून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर पुढील अभिक्रिया होते:

4NO + 4NH₃ + O₂ → 4N₂ + 6H₂O

सारी मदार उष्णतेवर असते. धूर सुमारे २०० अंश सेल्सिअसखाली गेला की युरिया नीट विघटित होत नाही. नळीत पांढरे, खडूसारखे थर साचतात, म्हणून नियंत्रक फवारणीच थांबवतो. थांब्याथांब्यावर रेंगाळणाऱ्या शहरी बसची अडचण नेमकी हीच. लंडनने जुन्या बसना ही यंत्रणा बसवली. इतर शहरांतही तसे झाले. पण रस्त्यावरील मोजमापांत अनेक बसमधील घट अपेक्षेपेक्षा बरीच कमी दिसल्याने ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये या कामाचा नवा निधी रोखला. प्रयोगशाळेतील आकड्यांवर विसंबण्याची ही किंमत होती. उलट फवारणी जास्त झाली, तर न वापरलेला अमोनिया धुरातून निसटतो. तो अडवायला शेवटी आणखी एक उत्प्रेरक लागतो.