‘मला पावती देण्यात आली नाही’: कर्ता कधी मागे ठेवावा, आणि वाक्यात दोन कर्मे असली तर काय करावे?

धारवाड किंवा हुबळीतल्या मराठी घरातलं मूल तीन भाषांत व्याकरण शिकतं. घरी मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, परीक्षेला इंग्रजी. इंग्रजीच्या तासाला ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ आणि ‘पॅसिव्ह व्हॉइस’ येतात. मराठीत त्यांना कर्तरी आणि कर्मणी म्हणायचं, असं सांगून बहुतेक वेळा विषय संपवला जातो. पुढे अर्ज, तक्रार किंवा बातमी लिहायची वेळ आली की इथेच घोटाळा होतो, कारण या जोड्या सरळ जुळत नाहीत.

कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

‘कर्मचाऱ्याने मला पावती दिली’ या वाक्यात ‘दिली’ हे रूप ‘पावती’प्रमाणे चालतं. पावतीऐवजी दाखला असता तर ‘दिला’, पुस्तक असतं तर ‘दिले’ झालं असतं. क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. पण अर्थ पाहिला तर देणारा कर्मचारी समोर उभा आहे. इंग्रजीत हेच वाक्य ॲक्टिव्ह ठरतं.

म्हणजे ‘प्रयोग’ हा शब्द क्रियापद कोणाशी जुळतं ते सांगतो, आणि ‘व्हॉइस’ हा शब्द वाक्याच्या मुख्य जागी कोण बसलंय ते सांगतो. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं मराठी रूप वेगळं आहे: ‘दिली गेली’, ‘देण्यात आली’. कर्ता सांगायचाच असेल तर त्याला ‘कडून’ लागतं: ‘कर्मचाऱ्याकडून पावती देण्यात आली’. ‘कडून’ लावलेल्या अशा रचनेला शालेय व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. इंग्रजीच्या वळणाने ती रुळली, असं तिथे सांगितलं जातं.

सीमाभागात यात आणखी एक पेच आहे. कन्नडमध्ये ‘नानु केलस माडिदे’ म्हणताना क्रियापद ‘मी’शी जुळतं, कामाशी नाही. त्याच वळणाने इकडच्या बोलण्यात ‘मी काम केलो’ ऐकू येतं. घरात ते चालून जातं. लेखी प्रमाण मराठीत मात्र ‘मी काम केले’ असंच लिहावं लागतं.

दोन कर्मे: कोण जागा बदलतं, कोण नाही

देणे, सांगणे, विचारणे, शिकवणे, दाखवणे या क्रियापदांना दोन कर्मे लागतात. जी वस्तू दिली ती प्रत्यक्ष कर्म, आणि ज्याला दिली तो अप्रत्यक्ष कर्म. ‘कर्मचाऱ्याने मला पावती दिली’ यात ‘पावती’ प्रत्यक्ष, तर ‘मला’ अप्रत्यक्ष.

इंग्रजीत या वाक्याची दोन पॅसिव्ह रूपं होतात. माणूस पुढे घेतला तर ‘आय वॉज गिव्हन अ रिसीट’. वस्तू पुढे घेतली तर ‘अ रिसीट वॉज गिव्हन टू मी’. पहिल्या रूपात ‘मी’ खरोखरच वाक्याचा मालक होतो. त्याचं ‘मी’ हे रूप ‘आय’ होतं आणि क्रियापदही त्याच्याशी जुळतं.

मराठीत हे होत नाही. ‘मी पावती दिली गेलो’ हे वाक्यच नव्हे. मराठीत ‘मला’ हा ‘मला’च राहतो आणि क्रियापद फक्त वस्तूकडे बघतं: ‘मला पावती देण्यात आली’, ‘मला दाखला देण्यात आला’, ‘आम्हाला पावत्या देण्यात आल्या’. माणसावर भर द्यायचा असेल तर रूप न बदलता त्याला फक्त वाक्याच्या सुरुवातीला आणायचं. ‘मला पावती देण्यात आली’ यात भर ‘मला’वर येतो आणि ‘पावती मला देण्यात आली’ यात पावतीवर. इंग्रजी जे काम रूप बदलून करते, ते मराठी शब्दांची जागा बदलून करते.

कन्नडचं वळण आणखी निराळं. ‘ननगे रसीदियन्नु कोडलायितु’ या वाक्यात ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ तसाच राहतो. ‘रसीदियन्नु’लाही कर्माचा प्रत्यय तसाच राहतो आणि ‘कोडलायितु’ हे रूप ठरलेलं असतं. पावती एक असो की दहा, ते बदलत नाही. कन्नड नोटीस समोर ठेवून मराठीत लिहिताना ‘आम्हाला पावत्या देण्यात आले’ असं उतरतं ते यामुळे. तपासायची युक्ती सोपी आहे: काय देण्यात आलं ते विचारा, आणि उत्तराचं लिंग-वचन क्रियापदाला लावा. काय? पावत्या. मग ‘आल्या’.

या नियमाला एक अपवाद आहे. प्रत्यक्ष कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागलं की क्रियापद त्याच्याशी जुळणं सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जातं. ‘मुलगी आजीच्या ताब्यात देण्यात आली’ आणि ‘मुलीला आजीच्या ताब्यात देण्यात आले’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. ‘मुलीला देण्यात आली’ मात्र चूक, कारण तसं लिहिलं तर मुलीला दुसरी कुठली तरी वस्तू दिली असा अर्थ निघतो.

दोन कर्मे वाटतात, पण नसतात

‘सदस्यांनी पाटलांना अध्यक्ष निवडले’ यात पाटील आणि अध्यक्ष ही दोन कर्मे नाहीत. दोन्ही शब्द एकाच माणसाबद्दल आहेत. म्हणून इथे पाटीलच पुढे येतात: ‘पाटील अध्यक्ष म्हणून निवडले गेले’. ओळखायचं असं: दोन शब्दांमध्ये ‘हे झाले’ घालून बघा. ‘पाटील अध्यक्ष झाले’ जुळतं, म्हणजे कर्म एकच. ‘मी पावती झालो’ जुळत नाही, म्हणजे कर्मे दोन.

इंग्रजीत लिहितानाची एक चूक तर पदवीधरांच्या अर्जातही आढळते: ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल’. ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘आस्क’, ‘शो’ ही क्रियापदं माणसाला थेट कर्म म्हणून घेतात, ‘एक्स्प्लेन’ घेत नाही. त्याला ‘टू’ लागतंच. त्यामुळे माणूस पुढे येऊ शकत नाही, नियमच पुढे येतो: ‘द रूल वॉज एक्स्प्लेन्ड टू मी’. ‘सजेस्ट’ आणि ‘से’ यांचंही तसंच.

कर्ता मागे ठेवणं कधी बरं?

पहिलं, कर्ता माहीत नसतो तेव्हा. ‘रात्री दुकानाचे कुलूप तोडण्यात आले’ या वाक्यात तोडणारा अजून सापडलेला नाही. इथे ‘कोणीतरी तोडले’ लिहून काही नवं कळत नाही.

दुसरं, कर्ता उघड असतो तेव्हा. ‘आरोपीला न्यायालयीन कोठडी सुनावण्यात आली’. ती न्यायालयानेच सुनावली, वेगळं सांगायला नको.

तिसरं, ज्याच्यावर परिणाम झाला तोच विषय असतो तेव्हा. बातमी शेतकऱ्यांची असेल तर ‘शेतकऱ्यांना बियाणे देण्यात आले नाही’ हे वाक्य शेतकऱ्यांना पुढे ठेवतं.

इथे ‘कुलूप तुटले’ आणि ‘कुलूप तोडण्यात आले’ यांतला फरक लक्षात ठेवावा. ‘तुटले’ म्हटलं की ते आपोआप किंवा जुनं झाल्यामुळेही तुटलेलं असू शकतं. ‘तोडण्यात आले’ म्हटलं की नाव नसलं तरी माणसाचा हात आहे एवढं नक्की होतं. ‘झाड पडले’ आणि ‘झाड पाडण्यात आले’ यांतही तोच फरक, आणि पंचनाम्यात तो फार महागात पडू शकतो.

कर्ता मागे ठेवू नये तो जबाबदारी ठरवायची असते तेव्हा. ‘निर्णय घेण्यात आला’ हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे. पण तो कोणी घेतला, हे त्यातून कळायला वाट उरत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करताना ‘पावती का देण्यात आली नाही?’ यापेक्षा ‘अमुक तारखेला पावती देण्याची जबाबदारी कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याची होती?’ असं विचारलं तर उत्तरात पद सांगावं लागतं.

एक तक्रारअर्ज, वाक्य वाक्य

समजा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला आणि पावती मिळाली नाही. कच्च्या अर्जात चार वाक्यं आहेत.

‘मी ३ जून रोजी अर्ज दिला.’ हे तसंच ठेवावं. ‘माझ्याकडून अर्ज देण्यात आला’ लिहून फायदा नाही, उलट आपण स्वतः केलेली गोष्ट पुसट होते.

‘खिडकीवरच्या माणसाने मला पावती दिली नाही.’ माणूस नक्की कोण हे ठाऊक नसेल तर ‘मला पावती देण्यात आली नाही’ हे बरं. त्यात खोटा आरोप नाही आणि तक्रार पूर्ण आहे. माणूस ठाऊक असेल आणि चौकशी हवी असेल तर कर्ता ठेवावा, सोबत खिडकीचा क्रमांक आणि वेळ लिहावी. कन्नडमध्ये हेच ‘ननगे रसीदियन्नु कोडलागिल्ल’ आणि इंग्रजीत ‘आय वॉज नॉट गिव्हन अ रिसीट’.

‘कोणीतरी माझ्या अर्जाला दुसराच क्रमांक दिला.’ इथे कर्ता अज्ञात. ‘माझ्या अर्जाला दुसराच क्रमांक देण्यात आला’ असं बदलावं. क्रियापद ‘क्रमांक’शी जुळलं म्हणून ‘आला’.

‘अधिकाऱ्यांनी मला नियम समजावून सांगितला नाही.’ हे ‘मला नियम समजावून सांगण्यात आला नाही’ असं होईल. याच अर्जाची इंग्रजी प्रत करताना मात्र ‘मला’ पुढे आणता येणार नाही, कारण मध्ये ‘एक्स्प्लेन’ आहे. तिथे ‘द रूल वॉज नॉट एक्स्प्लेन्ड टू मी’ हेच लिहावं लागेल.

शेवटची मागणी मात्र कर्त्यासह असावी. ‘पावती देण्यात यावी’ ही कचेरीची रूढ भाषा आहे, पण ती कोणी द्यायची हे त्यात नाही. ‘संबंधित लिपिकाने मला पावती द्यावी, असा आदेश आपण द्यावा’ असं लिहिलं की अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपण काय करायचं आहे ते कळतं, आणि लिपिकालाही.