प्रशासकीय खर्चाची मर्यादा : टक्का नेमका कशाचा?

प्रकल्पासाठी अनुदान देणारी संस्था करारात बहुधा एक अट घालते : प्रशासकीय खर्च ठरावीक टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नये. कार्यालयाचे भाडे, वीज, दूरध्वनी, हिशेबनिसाचे वेतन, लेखापरीक्षकाचे शुल्क हे खर्च सामान्यतः या सदरात मोडतात. अट सोपी वाटते. परंतु हा टक्का कशावर मोजायचा, हे करारातूनच ठरते.

समजा, शिवण-प्रशिक्षणासाठी एका संस्थेला १२ लाख रुपये मंजूर झाले आणि मर्यादा प्रत्यक्ष झालेल्या एकूण खर्चाच्या १० टक्के आहे. अंदाजपत्रकात प्रशिक्षणासाठी १० लाख ८० हजार व प्रशासनासाठी १ लाख २० हजार रुपये ठेवले गेले. पुढे प्रशिक्षणार्थी कमी आले आणि प्रशिक्षणावर ८ लाख १० हजारच खर्च झाले. भाडे आणि वेतन मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहिले व प्रशासनावर १ लाख १५ हजार गेले. ही रक्कम अंदाजपत्रकापेक्षा कमी असली, तरी मर्यादेबाहेर आहे. एकूण खर्चात प्रशासनाचा वाटा १० टक्के असेल, तर प्रशिक्षणाचा ९० टक्के असतो; म्हणून ८ लाख १० हजारांस ९ ने भागावे. उत्तर येते ९० हजार. उरलेले २५ हजार संस्थेला स्वनिधीतून भरावे लागतील. मर्यादा केवळ प्रशिक्षणखर्चाच्या १० टक्के असती, तर ८१ हजारच मान्य झाले असते.

असा फटका वर्षअखेरीस कळून उपयोग नसतो. दर तिमाहीस प्रत्यक्ष खर्चावरून मर्यादा पुन्हा काढल्यास काम मागे पडताच ते आकड्यांत दिसते आणि अनुदानदात्याकडे मुदतवाढ किंवा फेरबदल वेळीच मागता येतो. हिशेबनिसाला कागदोपत्री ‘प्रकल्प समन्वयक’ म्हणून दाखविणे हा उपाय नव्हे. नेमणूकपत्र व कामाच्या नोंदी पाहताच लेखापरीक्षक तो खर्च पुन्हा प्रशासनात टाकतो.

निधी परदेशी असल्यास कराराच्या जोडीला कायदाही लागू होतो. परकीय योगदान नियमन कायद्याने प्रशासकीय खर्चावर पूर्वी ५० टक्क्यांची मर्यादा होती. २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्क्यांवर आली. ही मर्यादा आर्थिक वर्षात मिळालेल्या परकीय निधीवर मोजली जाते, झालेल्या खर्चावर नव्हे. ती ओलांडायची असल्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. शाळेतील शिक्षकांचे किंवा रुग्णालयातील डॉक्टरांचे वेतन नियमांनुसार प्रशासकीय खर्चात धरले जात नाही. अनुदानदात्याची व कायद्याची अशा दोन्ही मर्यादा स्वतंत्रपणे मोजून, जी रक्कम कमी येईल तेवढाच खर्च त्या निधीतून करावा.