अर्ध्या ताकदीचं हिरवं पेन

गेल्या एप्रिलात मिऱ्याला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा ओट्यावर एक कच्ची पपई ठेवली होती आणि घरातले सगळे तिच्याभोवती उभे होते. मुदत संपलेलं पेन त्या पपईत मारून बघायचं होतं. पेन म्हणजे अॅलर्जीच्या झटक्यात मांडीत मारायचं अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सुई आणि स्प्रिंग दोन्ही आतच असतात. भाचीच्या मुलाला काजू चालत नाही. तीन वर्षांचा असताना ओल्या काजूगरांच्या उसळीतला एकच गर त्याने खाल्ला. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला आणि उलट्या सुरू झाल्या. मार्च-एप्रिलात जिथे घरोघरी काजूगर सोलले जातात, तिथे असल्या पोराला सांभाळणं म्हणजे विस्तवाशेजारी कापूस ठेवण्यासारखं आहे.

त्याने स्वतःच निळी टोपी उपसली आणि केशरी टोक पपईवर जोरात दाबलं. खट्ट आवाज झाला. एक, दोन, तीन म्हणून पेन उचललं, तर सालीवर टाचणीएवढं भोक आणि एक ओला ठिपका. "आजोबा, एवढंच?" त्याचा हिरमोड झाला होता.

एवढंच. पेनसोबतच्या कागदावर लिहिलेलंही आहे की इंजेक्शन दिल्यावर सुमारे ८५ टक्के औषध आतच राहतं आणि ते वापरता येत नाही. आत दोन मिलिलिटर औषध असतं, बाहेर पडतं ०.३ मिलिलिटर. एवढं महाग औषध, आणि त्यातलं बहुतेक फेकून द्यायचं! या विचित्रपणाचं मूळ शोधत गेलं की मुलांच्या डोसचं कोडंही उलगडतं.

औषध जुनं आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून १९०१ च्या सुमारास ते शुद्ध रूपात मिळवल्याचं जाहीर केलं. पण पेनचा जन्म दवाखान्यातला नाही, तो लष्करातला. मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषारी वायूवर उतारा म्हणून सैनिकाला स्वतःच्या मांडीत, गणवेशावरूनच, डोळे मिटूनही इंजेक्शन घेता आलं पाहिजे, अशी अमेरिकी लष्कराची गरज होती. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या सर्व्हायव्हल टेक्नॉलॉजी या कंपनीत शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने सत्तरच्या दशकात त्यासाठी स्प्रिंगचं साधन तयार केलं. पुढे त्याच साधनात उताऱ्याऐवजी अॅड्रेनॅलिन भरलं गेलं आणि १९८७ मध्ये एपिपेनला अमेरिकेत परवानगी मिळाली.

आता गंमत बघा. स्प्रिंगला वजन कळत नाही. ती दर वेळी ठरलेलंच अंतर जाते, म्हणून दर वेळी ०.३ मिलिलिटरच ढकलते. मोठ्यांच्या पिवळ्या पेनात दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे डोस ०.३ मिलिग्रॅम. मुलांचं हिरवं पेन उघडून पाहिलं तर ढकललं जाणारं पाणी तेवढंच, ०.३ मिलिलिटर, फक्त औषध अर्ध्या ताकदीचं, म्हणून डोस ०.१५ मिलिग्रॅम. साधन तेच ठेवायचं आणि आतलं पातळ करायचं. चहा कडक झाला की पाणी वाढवतो, तसलाच हा हिशोब. आज जगभरात मुलांना दिले जाणारे हे दोन डोस एकमेकांच्या नेमके निम्मे-दुप्पट आहेत, आणि मूल काही पायरीपायरीने दुप्पट होत नाही.

डॉक्टरी हिशोब दुसराच आहे. दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, आणि मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३. मांडून बघितलं की लक्षात येतं: हिरवं पेन नेमकं बसतं ते १५ किलोच्या मुलाला आणि पिवळं ३० किलोच्या. खोक्यावर लिहिलेलंही तेच आहे. १५ ते ३० किलोला हिरवं, ३० आणि त्यावर पिवळं. या रेषेत एक खोच आहे. तिच्यामुळे १५ च्या वरच्या कुठल्याही मुलाला जास्त औषध कधीच जात नाही. पण मधल्या प्रत्येकाला कमी जातं, आणि ३० जवळ आलं की जवळजवळ निम्मंच.

आमच्या पोराचं वजन होतं २६ किलो. न्यू जर्सीहून त्याच्या काकाने दोन हिरवी पेनं आणली होती, खोक्यावरचं वाचूनच. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि पुढच्या खेपेला पिवळी मागवा म्हणाले. घरात वादावादी. "अहो, खोक्यावर तीस लिहिलंय, आणि हे सव्वीसला द्या म्हणतात!" आजीला तर मोठ्या माणसाचं औषध पोराच्या अंगात जाणार याचीच धास्ती.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे आकडे मांडले. २६ किलोला हवेत ०.२६ मिलिग्रॅम. हिरव्यातून मिळतील ०.१५, म्हणजे निम्म्याहून थोडंसंच जास्त. पिवळ्यातून ०.३, म्हणजे गरजेपेक्षा साधारण १५ टक्के वर. मग तोल कुठे जातो ते सांगितलं. मांडीच्या स्नायूत थोडं जास्त गेलं तर पोर पांढरं पडेल, हात थरथरतील, छातीत धडधडेल, कदाचित डोकं दुखेल; थोड्या वेळाने ओसरेल. कमी पडलं तर घशाची सूज उतरणार नाही आणि रक्तदाब सावरणार नाही, आणि तो वेळ परत मिळत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये हाच विचार करून पिवळ्या पेनची रेषा तीसवरून पंचवीसवर आणली. खोक्यावरची छपाई मात्र तीसचीच राहिली, म्हणून असल्या वादावाद्या घरोघर होतात. हृदयाचा जन्मजात आजार असलेल्या मुलाचा हिशोब डॉक्टर वेगळा करतील, पण आमच्या पोराला तसलं काही नव्हतं.

१५ च्या खालच्यांची अडचण उलटी. दहा किलोच्या बाळाला हिरवं पेन म्हणजे दीडपट डोस, आणि सुई हाडापर्यंत पोचायची भीती. त्याच संघटनेने साडेसात किलोपासून हिरवं चालेल म्हटलं ते दुसरं काही हाताशी नसतं म्हणून. खास बाळांसाठी ०.१ मिलिग्रॅमचं, आखूड सुईचं पेन अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस मंजूर झालं, म्हणजे पहिल्या पेननंतर तीस वर्षांनी.

हे सगळं ऐकून कुणीही म्हणेल, एवढी पेनं कशाला, आपल्याकडे अॅड्रेनॅलिनची काचेची कुपी थोडक्या पैशांत मिळते. तीच सिरिंजमध्ये भरावी, वजनाप्रमाणे नेमकी. कागदावर खरंच आहे, आणि रत्नागिरीच्या औषधाच्या दुकानात पेन सहसा मिळत नसल्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या नशिबी तीच आहे. कॅनडातल्या विनिपेगच्या डॉ. एस्टेल सायमन्स यांनी हेच तपासलं. त्यांनी आईबापांना कुपीतून बाळाचा डोस भरायला लावला. २००१ मध्ये निकाल छापला: भरायला सरासरी दोन मिनिटांहून जास्त लागली आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त डोसांत चाळीसपटीचा फरक पडला. तेही घरात कुणी गुदमरत नसताना. याच बाईंनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की मांडीच्या स्नायूत दिलेलं औषध मुलांच्या रक्तात सुमारे ८ मिनिटांत शिखर गाठतं, कातडीखाली दिलेलं ३४ मिनिटांनी. मांडी हा हट्ट कुठून आला, ते यावरून कळतं.

आपल्याकडे कुपीला आणखी एक गोम आहे, ती मी एका नातेवाइकाच्या घरी पाहिली. आजोबांची इन्सुलिनची सिरिंज घरात होतीच, तिच्यात भरू म्हणाले. आपल्या बाजारात इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंजा मिळतात: लाल टोपीची, जिच्यात एका मिलिलिटरला ४० युनिट, आणि केशरी टोपीची, जिच्यात १००. केशरी सिरिंजवर २६ युनिट म्हणजे ०.२६ मिलिलिटर, नेमका डोस. लाल सिरिंजवर तेच २६ युनिट भरले तर ०.६५ मिलिलिटर, अडीचपट. शिवाय इन्सुलिनची सुई आखूड, ती कातडीखालीच राहते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी युनिटच नसलेली, मिलिलिटरच्या खुणांची एक मिलिलिटरची सिरिंज आणि इंचभर सुई दिली, ०.२५ च्या रेषेवर मार्करने जाड खूण केली आणि भाचीकडून दहा वेळा साधं पाणी भरून घेतलं. पिवळी पेनं येईपर्यंत काय करायचं, असं विचारल्यावर म्हणाले, हिरवं पेन जवळ आहे ना, झटका आला तर तेच मारा, थांबू नका. १०८ ला फोन करा, पोराला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं मारा. म्हणूनच पेनं कायम जोडीने ठेवायची.

कोकणात या पेनला एक कुंपणही हवं. घरात आहे म्हटल्यावर शेजारी विंचू चावल्यावरही मागायला येतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घातलं. ते विष शरीरात स्वतःच्याच अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सोडतं. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो. तो लोंढा अडवायला त्यांनी प्राझोसिन वापरलं. तिथे पेन मारणं म्हणजे आगीत तेल. गांधी, ओठ सुजणं, घरघर आणि बसलेला आवाज ही ओळख पेनची. गार घामाची नव्हे.

त्या दिवशी पपईचा प्रयोग झाल्यावर पोराला वजनकाट्यावर उभं केलं, चपला काढून, खिशातल्या गोट्यांसकट. काटा २६.४ वर थांबला. "गोट्या काढ," आई म्हणाली. गोट्या काढल्यावर २६.२. तिने फ्रिजवरच्या कागदावर तारखेसह लिहिलं. खाली जानेवारीचे २४.९ दिसत होते. शिल्लक हिरवं पेन आणि ती सिरिंज कापडी पिशवीत गेली. पिशवी फ्रिजमध्ये नाही आणि स्कूटरच्या डिकीतही नाही, दाराजवळच्या खुंटीला. महिन्यातून एकदा पेनच्या खिडकीतून बघायचं, पाणी स्वच्छ आहे ना, तांबूस झालं नाही ना. पोराने पेन उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि मलाही बघायला लावलं.